मुग्धाच्या फोटोची गोष्ट, आणि त्यावर पोरं परत परत विचारतात ते प्रश्न

माझे बाबा आरएमएसमध्ये सॉर्टर होते, म्हणजे रेल्वेच्या टपाल डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं वेगळी करायचं काम. त्यामुळे इंटरनेट कसं चालतं हे कुणी विचारलं की मला पहिला तो डबाच आठवतो, आणि मी शाळांमध्ये, वाचनालयात ही गोष्ट तशीच सांगतो. गोष्ट झाली की पोरं प्रश्न पाठवतात, काही चिठ्ठीवर, काही आईच्या फोनवरून. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवले. वयोगट दहाच्या आसपास, पण आईबाबांनी वाचलं तरी चालेल.

१. काका, मी त्या दिवशी आले नव्हते, गोष्ट काय होती?

सावंतवाडीत मुग्धा राहते. तिने लाकडी बैलगाडी रंगवली आणि तिचा फोटो काढून लंडनच्या मावशीला पाठवला. बोट उचललं तोवर फोटो गेलासुद्धा, पण मधे काय झालं ते बघा. मुग्धाच्या फोनने फोटोचे बारीक बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकडा वेगळ्या लिफाफ्यात घातला, प्रत्येक लिफाफ्यावर पत्ता लिहिला आणि नंबर टाकला. मग ते लिफाफे एका सॉर्टिंग ऑफिसातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पुढे पुढे गेले. या सॉर्टिंग ऑफिसाला राउटर म्हणतात आणि लिफाफ्याला पॅकेट. पलीकडे सगळे लिफाफे उघडून, नंबरप्रमाणे लावून, परत फोटो तयार झाला. वाटेत सत्त्याऐंशी नंबरचा लिफाफा हरवला होता. त्याचं काय झालं ते प्रश्न ६ मध्ये. आणि एवढं होऊनही मुग्धाच्या फोनवर फोटोखाली एकच टिक दिसत होती, ते का ते प्रश्न १४ मध्ये.

२. तुकडे कशाला करायचे? अख्खा फोटो एकदम पाठवला तर काय बिघडतं?

समजा टपालाच्या डब्याला एकच दार आहे आणि कुणीतरी आख्खं कपाट पोस्टात टाकलं. ते दारातून आत जाईपर्यंत बाकी सगळ्यांची पत्रं फलाटावर पडून राहणार ना? तेच कपाट सुटं करून फळ्या फळ्या पाठवल्या तर दोन फळ्यांच्या मधे तुमचं पत्र, माझी मनीऑर्डर, सगळं सरकत राहतं. शेजारच्या घरातला दादा अख्खा सिनेमा डाउनलोड करत असताना सुद्धा मुग्धाचा फोटो जातो तो यामुळेच, दोघांचे लिफाफे एकाच तारेतून एकाआड एक जातात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. कपाट वाटेत मोडलं तर अख्खं कपाट परत पाठवावं लागतं, पण एक फळी हरवली तर तेवढीच परत पाठवायची.

ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना वेगवेगळी सुचली. पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिलं.

३. मुग्धाच्या फोटोचे नक्की किती तुकडे झाले? आणि लिफाफ्यावर काय काय लिहिलेलं असतं?

वही घ्या, हिशोब सोपा आहे. फोटो ३ लाख बाइटचा होता. बाइट म्हणजे आपण एक अक्षर समजू. एका लिफाफ्यात सगळं मिळून साधारण १५०० बाइट मावतात, पण त्यातले ४० पत्ता-नंबर लिहिण्यातच जातात, म्हणजे आतल्या मालाला उरले १४६०. आता ३ लाखाला १४६० ने भागा. २०५ लिफाफे गच्च भरतात आणि ७०० बाइट उरतात, ते २०६ व्या लिफाफ्यात. तो अर्धा रिकामाच जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

वरच्या ४० बाइटमध्ये मुख्य गोष्टी म्हणजे कुठे जायचं तो पत्ता, कुठून आला तो पत्ता, हा कितवा तुकडा, आणि एक तपासणीचा आकडा. तो आकडा म्हणजे आतल्या सगळ्याची एक बेरीज असते, पलीकडच्याने परत बेरीज करून बघायची, जुळली नाही तर वाटेत काहीतरी खराब झालं असं समजून तो लिफाफा सरळ टाकून द्यायचा. (खरं तर नंबर लिफाफ्याचा नसतो, आतला पहिला बाइट कितवा आहे त्याचा असतो. म्हणजे सत्त्याऐंशीव्या लिफाफ्यावर ८७ नाही, १२५५६१ व्या बाइटपासून पुढे अशा अर्थाचा आकडा असतो. पण गोष्टीत मी ८७ च म्हणणार, नाहीतर माझीच जीभ वळत नाही.)

४. सॉर्टिंगवाल्याला लंडनचा रस्ता कसा काय माहीत असतो?

माहीत नसतो! या एका उत्तरासाठीच मी ही गोष्ट सांगतो.

बाबांच्या समोर भिंतभर लाकडी खण असायचे. पत्र हातात आलं की ते अख्खा पत्ता वाचायचेच नाहीत, नजर थेट पिनकोडवर. पिनकोड सहा आकड्यांचा, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतात कविता करायचे. सावंतवाडीचा पिन ४१६५१०. आता समजा हे पत्र दिल्लीत टाकलं. दिल्लीच्या सॉर्टरला सावंतवाडी कुठे आहे हे कळायची गरजच नाही, त्याने पहिला ४ बघितला की महाराष्ट्र-गोवा-मध्यप्रदेश-छत्तीसगडच्या बाजूचा खण, संपलं त्याचं काम. जवळ आल्यावर पुढचा कुणीतरी ४१६ बघतो आणि कोल्हापूरकडच्या थैलीत टाकतो. शेवटचे तीन आकडे बघायची वेळ अगदी शेवटी येते, तेव्हा कळतं की सावंतवाडीचं पोस्ट.

राउटर असंच करतो. त्याच्याकडे एक तक्ता असतो, या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते या तारेवर, त्या आकड्यांनी सुरू होणारे त्या तारेवर, आणि ज्याचं काहीच माहीत नाही ते सगळे या एका तारेवर, तिथला मोठा साहेब बघून घेईल. मुग्धाच्या घरातल्या छोट्या राउटरचा तक्ता तर इतका छोटा असतो की घरातलं असेल तर घरात, नाहीतर बाहेर. बस्स. अख्खा रस्ता कुणाच्याच डोक्यात नसतो, प्रत्येकाला फक्त पुढची थैली माहीत असते. म्हणूनच एखादं ऑफिस बंद पडलं तर शेजारच्यांनी आपापल्या तक्त्यात एक ओळ बदलली की टपाल दुसरीकडून चालू, मुग्धाला कुणी विचारायला येत नाही.

५. आमच्या सरांनी सांगितलं प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या रस्त्याने जातो. खरंय का?

जाऊ शकतो, पण बहुतेक वेळा जात नाही. सरांची चूक नाही, पुष्कळ ठिकाणी तसंच चित्र काढलेलं असतं, रंगीबेरंगी पॅकेटं नकाशाभर पळतायत वगैरे. प्रत्यक्षात एकाच फोटोचे लिफाफे राउटर शक्यतो एकाच वाटेने सोडतात, दोन सारख्या वाटा मोकळ्या असल्या तरी. कारण वेगळ्या वाटांनी गेले की मागचे पुढे आणि पुढचे मागे पोचतात आणि पलीकडच्याला लावत बसावं लागतं. मधेच एखादी वाट बंद झाली तर उरलेले दुसरीकडून जातात, तेवढ्यासाठी नंबर असतोच.

६. सत्त्याऐंशी नंबर हरवला मग फोटोला भोक पडलं का?

नाही पडलं, आणि कसं ते नीट वाचा कारण यात एक गंमत आहे. लिफाफा हरवलाय हे वाटेतल्या कुणालाच कळत नाही, शोधायलाही कुणी जात नाही. कळतं ते फक्त दोन टोकांना.

पलीकडचा प्रत्येक वेळी पोच पाठवत असतो. पोच म्हणजे छोटी चिठ्ठी: "८६ पर्यंत सगळे मिळाले." आता ८७ आलाच नाही आणि ८८ आला, तर तो काय म्हणेल? "८८ मिळाला" असं नाही म्हणत, तो परत तेच म्हणतो, "८६ पर्यंत मिळाले." ८९ आला, परत "८६ पर्यंत." ९० आला, परत तेच. तीनदा तेच तेच ऐकल्यावर मुग्धाच्या फोनला कळतं की हा रुसलाय, ८७ अडकलाय, आणि तो ८७ ची नवी प्रत काढून पाठवतो. ८८, ८९, ९० पलीकडे जपून ठेवलेले असतातच, त्यामुळे ८७ पोचला की एकदम उत्तर येतं, "९० पर्यंत मिळाले!"

नाशिकच्या एका मुलीने यावर विचारलं होतं की शेवटचा, २०६ वाच हरवला तर? त्याच्यामागे कुणीच नाही, मग तीनदा कोण सांगणार? एकदम बरोबर पकडलं तिने. त्यासाठी फोन घड्याळ लावून बसतो, ठराविक वेळात पोच आली नाही की परत पाठवतो. यात थोडा जास्त वेळ जातो. आणि पोचेची चिठ्ठीच हरवली तर? तर सहसा काही नाही, पुढची चिठ्ठी "पर्यंत" म्हणते ना, त्यात मागचं सगळं येतं.

७. पण हरवतो कसा? तारेतून खाली पडतो का?

क्वचित खराब होतो, पण बहुतेक वेळा फेकून दिलेला असतो. हो, सॉर्टरनेच! दिवाळीच्या आधी बाबांच्या डब्यात भेटकार्डांच्या थैल्यांनी पाय ठेवायला जागा नसायची, पण पत्र फेकणं म्हणजे पाप, थैल्या फलाटावर ठेवायच्या आणि उद्याच्या गाडीने पाठवायच्या. राउटरचा फलाट मात्र अगदी छोटा असतो. तो भरला की पुढे येणारा लिफाफा सरळ टाकून देतो, माफी नाही, कळवणं नाही.

पोस्टाचं उदाहरण इथे तुटतं, ते मी मुद्दाम सांगतो. पोस्टात गेलेलं पत्र एकच असतं, हरवलं की हरवलं. इथे पाठवतात ती प्रत असते, पोच येईपर्यंत मूळ मुग्धाच्या फोनकडेच राहतं. म्हणून फेकणं परवडतं. आणि फेकल्याचा एक फायदाही होतो: लिफाफे हरवायला लागले की फोन समजतो पुढे गर्दी आहे, आणि आपला वेग कमी करतो. सुरुवात सुद्धा तो दबकतच करतो, आधी साधारण १० लिफाफे, त्यांची पोच आली की २०, मग ४०, मग ८०. मुग्धाचे २०६ असे पाच फेऱ्यांत गेले असते (१०, २०, ४०, ८० म्हणजे १५० झाले, उरले ५६), पण मधे ८७ हरवला म्हणून तो दचकला आणि परत सावकाश झाला.

८. एखादा लिफाफा गोल गोलच फिरत राहिला तर?

असं होतं खरं. सगळ्यांचे तक्ते वेगवेगळे, त्यात एखाद्या दिवशी क म्हणतो ख कडे दे आणि ख म्हणतो क कडे दे. मग लिफाफा दोघांच्या मधे चेंडूसारखा. यासाठी निघताना लिफाफ्यावर एक आकडा लिहितात, फोनमध्ये बहुतेक ६४. प्रत्येक सॉर्टर हात लावला की त्यातून एक वजा करतो. शून्य झाला की ज्याच्या हातात शून्य झाला त्याने लिफाफा टाकायचा आणि पाठवणाऱ्याला कळवायचं की तुझा लिफाफा माझ्याकडे मेला.

याचा एक भारी खेळ आहे. मुद्दाम १ लिहून पाठवला तर पहिल्याच सॉर्टरकडे मरतो आणि तो आपलं नाव कळवतो, २ लिहिला तर दुसरा कळवतो, असं करत करत अख्खा रस्ता दिसतो! घरी विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर मोठ्या माणसाला विचारून कमांड प्रॉम्प्ट नावाच्या काळ्या खिडकीत हे टाका:

```
tracert example.com
```

एकेक ओळ म्हणजे एकेक सॉर्टिंग ऑफिस, आणि ms च्या आधीचा आकडा म्हणजे तिथे जाऊन यायला लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. आकडे एकदम मोठे झाले की बहुतेक तिथून समुद्र ओलांडला. मधेच नुसते तारे * * * दिसले तर घाबरू नका, तो सॉर्टर टपाल पुढे देतो पण स्वतःचं नाव सांगत नाही, असे अबोल सॉर्टर खूप आहेत. त्याच्यापुढच्या ओळी येत असतील तर सगळं ठीक आहे.

९. माझ्या टॅबवर आणि मैत्रिणीच्या टॅबवर एकच पत्ता दिसतो, 192.168.1.5. मग आमची पत्रं अदलाबदल होत नाहीत का?

नाही, कारण तो पत्ता फक्त घरातला आहे, फ्लॅट नंबरसारखा. ५ नंबरचा फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतोच की. बाहेर जाताना घरातला राउटर लिफाफ्यावरचा "फ्लॅट ५" खोडून सोसायटीचा पत्ता लिहितो आणि वॉचमनसारखी वहीत नोंद ठेवतो, या या नंबरचं उत्तर आलं की ५ वाल्यांना द्यायचं. हा उद्योग करावा लागतो कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटीच आहेत, आणि फोन-टॅब-टीव्ही मोजले तर ते कधीच पुरले नसते. नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर लांब आहेत, ते हळूहळू येतायत, तोवर वॉचमन.

१०. मधले सगळे सॉर्टर माझा फोटो बघतात का?

पोस्टकार्ड असेल तर कुणीही वाचू शकतो, बाबांच्या डब्यात पोस्टकार्डं वाचायची नाहीत असा नियम होता, पण वाचता यायची हे खरं. बंद लिफाफा असेल तर नाही. बहुतेक मेसेज ॲप आणि https ने सुरू होणाऱ्या साइट आतला माल कुलूपबंद करूनच पाठवतात, मधल्याला नुसती गिचमिड दिसते. पण पत्ता बाहेरच लिहावा लागतो, नाहीतर प्रश्न ४ मधला खण कसा निवडणार? म्हणजे काय पाठवलं ते कळत नाही, कुणाकडे, कधी आणि साधारण किती पाठवलं ते कळतं.

११. व्हिडिओ कॉलवर आजी मधेच रोबोटसारखी का बोलते? तिथे ८७ परत मागवत नाहीत का?

नाही मागवत! फोटो दोन सेकंद उशिरा आला तर चालतो, पण आजीच्या वाक्यातला "का" दोन सेकंदांनी आला तर काय करणार, तोवर आजी पुढच्या वाक्यावर गेलेली असते. कॉलमध्ये एका लिफाफ्यात साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, सेकंदाला ५० लिफाफे. एखादा हरवला तर ॲप आधीचा आवाज थोडा ताणून भोक बुजवतं, कळत पण नाही. पाठोपाठ खूप हरवले की ताणून ताणून किती ताणणार, मग रोबोट.

१२. लंडनला सॅटेलाइटवरून जातं ना?

पोरांपेक्षा मोठ्या माणसांना हे जास्त वाटतं. बहुतेक सगळं समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधूनच जातं, आत केसासारखी बारीक काच आणि तिच्यातून प्रकाशाची उघडझाप. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा बऱ्याच केबल वर येतात. सॅटेलाइट आहेत, पण जिथे केबल पोचत नाही तिथे जास्त कामाचे.

केबल तुटतात सुद्धा, जहाजाच्या नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्याने. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट रांगायला लागलं. बंद नाही पडलं, कारण तक्ते बदलून पुष्कळ टपाल उलट्या दिशेने, पूर्वेकडून निघालं. पण तिकडचे फलाट भरले, आणि फलाट भरला की काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आलंय.

१३. सॉर्टरने खोटी पाटी लावली तर? म्हणजे "लंडनचं टपाल माझ्याकडे द्या" असं कुणीही म्हणालं तर?

हा प्रश्न मिरजेच्या एका पाचवीतल्या मुलाचा, आणि हे खरंच घडलंय. राउटरांचे तक्ते एकमेकांना विचारूनच भरतात, आणि बराचसा कारभार विश्वासावर असतो. त्यात एक नियम आहे, जास्त बारीक पाटी जिंकते. म्हणजे "४१६ चं सगळं माझ्याकडे" अशी एक पाटी आणि "४१६५१० चं माझ्याकडे" अशी दुसरी असेल, तर सावंतवाडीचं पत्र दुसऱ्याकडे जाणार, ते बरोबरच आहे.

२४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा हुकूम निघाला. तिथल्या टेलिकॉम कंपनीने "यूट्यूबचं टपाल इकडे द्या" अशी पाटी लावली, म्हणजे ते घ्यायचं आणि फेकायचं. पाटी देशातच राहायला हवी होती, पण ती बाहेरच्या शेजाऱ्याला दिसली, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि जगभर पसरली. यूट्यूबची स्वतःची पाटी होती १०२४ पत्त्यांची, ही होती त्यातल्याच २५६ ची, म्हणजे जास्त बारीक, म्हणून हीच जिंकली. जगातल्या बऱ्याच भागात साधारण दोन तास यूट्यूब गायब. आता पाटीवर सही तपासायची पद्धत आली आहे, पण सगळेच तपासत नाहीत.

१४. मुग्धाला एकच टिक का दिसत होती? फोटो पोचला म्हणालात ना?

पोचला, पण मावशीकडे नाही. फोटो थेट मावशीच्या फोनवर जात नाही, आधी ॲपवाल्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातो, पोस्टात पेटी घेतलेली असते ना तसा. २०६ लिफाफ्यांचा तो सगळा प्रवास तिथपर्यंतचा होता, आणि एक टिक म्हणजे पेटीत पडला. तिथून मावशीपर्यंत परत तेच सगळं, नवे लिफाफे, नवे नंबर, नवे सॉर्टर. पण मावशीचा फोन बंद होता, लंडनात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. ती उठली, फोन चालू केला, आणि सावंतवाडीत मुग्धाच्या फोनवर दुसरी टिक उमटली.